दोन हंगाम गप्प असलेल्या गिऱ्हाइकाला पत्र

कोकणातले बरेच आंबा बागायतदार आता सगळा माल वाशीच्या बाजारात पाठवत नाहीत. थोड्या पेट्या दलालाकडे जातात, थोड्या थेट पुण्या-मुंबईच्या घरांत. थेट विक्री सुरू झाली की बागायतदाराकडे माल घेणाऱ्यांची नावं साठायला लागतात. बिलाच्या पुस्तकात, फोनमध्ये, मुलाने करून दिलेल्या एक्सेलच्या तक्त्यात. पाच-सहा हंगाम गेले की त्या यादीत एक गोष्ट दिसू लागते. काही माणसं दोन-तीन वर्षं नियमाने पेटी घेतात आणि मग थांबतात. भांडण झालेलं नसतं, तक्रारीचा फोन आलेला नसतो. एखाद्या मार्चमध्ये त्यांची ऑर्डर येत नाही, पुढच्या मार्चमध्येही येत नाही.

अशा माणसाला परत बोलवायचं पत्र, म्हणजे ईमेल, कसं लिहायचं हा या लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठी आपण देवगडजवळची एक बाग मनात धरू. घरातली तीन माणसं धंदा सांभाळतात, आणि गेल्या काही वर्षांत एकदा तरी पेटी घेतलेल्या सुमारे ६०० जणांचे ईमेल पत्ते त्यांच्याकडे आहेत, कारण ऑर्डर घेतानाच ते मागून घेतले होते. बाग आणि पुढचे हिशेबाचे आकडे मानलेले आहेत. आंब्याबद्दलच्या आणि ईमेलबद्दलच्या गोष्टी मात्र जशा आहेत तशाच सांगतो.

व्हॉट्सॲप असताना ईमेल कशाला, हा पहिला प्रश्न येईल. चालू गिऱ्हाइकासाठी व्हॉट्सॲप उत्तमच. पण तिथली ब्रॉडकास्ट यादी ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यांनाच पोचते. दोन वर्षं संबंध नसलेल्या माणसाने फोन बदलताना तुमचा नंबर ठेवला असेलच असं नाही. शिवाय व्हॉट्सॲपवरचा निरोप समोरच्याकडून लगेच उत्तर मागतो. जुन्या, थोड्या अवघडलेल्या नात्यात तो आगाऊपणा वाटू शकतो. ईमेल पडून राहतं. माणूस रात्री जेवणानंतर निवांत वाचतो, घरात विचारतो, दोन दिवसांनी उत्तर देतो.

गप्प म्हणजे नेमका कोण

पत्र लिहिण्याआधी यादी नीट लावावी लागते. कुठला माणूस ‘गेला’ असं मानायचं ते त्या मालाच्या लयीवर ठरतं. दर आठवड्याला दूध-भाजी घेणारा दोन महिने आला नाही तर तो दुसरीकडे जातो आहे हे नक्की. आंब्याच्या गिऱ्हाइकाचं तसं नाही. तो मेमध्ये शेवटची पेटी घेतो आणि पुढच्या मार्चपर्यंत दहा महिने तुमची आठवणही काढत नाही. ते अगदी स्वाभाविक आहे. त्याला नोव्हेंबरमध्ये ‘बरेच दिवस दिसला नाहीत’ असं लिहिणं विचित्र वाटेल.

एक हंगाम चुकला तरी मी त्या माणसाला गप्प झालेला मानणार नाही. त्या वर्षी मुलीची परीक्षा असेल, घर बदललं असेल, घरात कोणाला मधुमेह निघाला असेल, कोणी गेलं असेल. त्याला हंगाम सुरू झाल्याचं नेहमीचं पत्र जावं, इतरांसारखंच. दोन हंगाम सलग चुकले की मात्र त्याची वेगळी वही करावी. वेगळं, विचार करून लिहिलेलं पत्र याच लोकांना जायला हवं.

आणि चार-पाच हंगामांपूर्वीचे पत्ते? त्यांचा मोह सोडावा. इतक्या जुन्या यादीतले बरेच पत्ते बंद पडलेले असतात. गूगलने तर डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला सुरुवात केली. कंपनीचे पत्ते माणसाने नोकरी सोडली की मरतात. बंद पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत येतं, आणि एकाच दिवशी अशी बरीच पत्रं परत आली की मेल पोचवणाऱ्या यंत्रणांना वाटतं, या माणसाने कुठून तरी यादी विकत आणली आहे. काही यंत्रणा तर जुने, बंद झालेले पत्ते मुद्दाम सापळा म्हणून जिवंत ठेवतात. ज्या पत्त्यामागे आता कोणी नाही त्यावर पत्रं पाठवणारा आपली यादी साफ ठेवत नाही, एवढं त्यावरून ओळखलं जातं. याचा फटका त्या मेलेल्या पत्त्यापुरता राहत नाही. तुमच्या रोजच्या चालू गिऱ्हाइकांची पत्रंही मग स्पॅममध्ये जाऊ लागतात.

आपल्या बागेच्या ६०० नावांपैकी समजा ३०० जण चालू किंवा एकच हंगाम चुकवलेले निघाले, १०० फारच जुने निघाले आणि २०० जण दोन-तीन हंगाम गप्प असलेले. आपलं पत्र या २०० जणांसाठी.

ते का थांबले असतील

आता बिलाचं पुस्तक काढून बसावं. गिऱ्हाईक न बोलता गेलं तरी त्याच्या शेवटच्या पेटीची तारीख आणि आकार लिहिलेला असतो, आणि त्यातून पुष्कळ कळतं.

हापूस घेणारा माणूस तक्रार न करता निघून जातो त्याचं एक मोठं कारण म्हणजे साका. फळ बाहेरून सोन्यासारखं असतं, वासही छान येतो, आणि कापल्यावर कोयीच्या बाजूला पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो. बाहेरून पाहून किंवा दाबून साका ओळखता येत नाही. देणाऱ्यालाही कळत नाही, घेणाऱ्यालाही नाही. हापूस या जातीलाच तो जास्त लागतो. फळ झाडावर जास्त पिकू दिलं, तापलेल्या जमिनीच्या उष्णतेची झळ त्याला बसली, उतरवलेला आंबा उन्हात राहिला, की साक्याचं प्रमाण वाढतं. हंगामाच्या शेवटी, उष्मा आणि वळवाचा पाऊस आला की तो अधिकच दिसतो. म्हणून बागायतदार फळ चौदा आणे तयार झालं की उतरवतात, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्वतेला. सकाळच्या थंड वेळी उतरवतात, देठ ठेवून उतरवतात आणि लगेच सावलीत नेतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला याचसाठी उपयोगी पडतो. त्यात फळ देठासकट निघतं आणि जमिनीवर आपटत नाही.

आता पुण्यातल्या एका घराची कल्पना करा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाच डझनांची पेटी आली. पाहुणे जेवायला असताना आंबे कापले आणि त्यातले तीन-चार साक्याचे निघाले. घरातल्या काकूंना वाईट वाटलं. पण फोन करून भांडायचा त्यांचा स्वभाव नाही. पुढच्या वर्षी त्यांनी मंडईतल्या ओळखीच्या दुकानातून आंबे घेतले, तिथे निदान एक कापून दाखवतात म्हणून. बागेच्या वहीत या घटनेची एकही नोंद नाही. पण पेटीची तारीख आहे: २२ मे. गप्प झालेल्यांपैकी किती जणांची शेवटची पेटी १५ मेनंतर गेली होती, एवढं मोजलं तरी साक्याचा संशय खरा की खोटा हे बरंचसं कळतं. गप्प बसलेल्यांत उशिराच्या पेट्यांचं प्रमाण चालू गिऱ्हाइकांच्या मानाने ठळकपणे जास्त असेल, तर कारण सापडलं.

दुसरं कारण पेटीच्या आकारात सापडतं. पाच डझन आंबे एकत्र पिकले की चार-पाच दिवसांत संपवावे लागतात. मुलं शिकायला किंवा परदेशी गेली, घरात दोघंच उरली, की हा हिशेब बसत नाही. ही माणसं तुमच्या आंब्यावर नाराज नसतात. त्यांना साठ आंबे झेपत नाहीत, एवढंच.

तिसरा गट उरतो तो कशातच न बसणाऱ्यांचा. भाव जास्त वाटला असेल, भावाने दुसरा बागायतदार शोधला असेल, काहीही. या गटाला कारण ओळखल्याचा आव आणून लिहू नये. त्यांना विचारावं.

तीन कारणं, म्हणजे एकाच पत्राची तीन रूपं. या कामात माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा. ‘आम्हाला तुमची आठवण येते’ असं २०० जणांना एकाच सुरात लिहिणं सोपं असतं, पण त्यात लिहिणाऱ्याची गरज दिसते, वाचणाऱ्याला परत येण्याचं कारण दिसत नाही. परत येण्याचं कारण म्हणजे, तो ज्यामुळे गेला ती गोष्ट आता बदलली आहे ही खरी बातमी. बदललीच नसेल तर हे पत्र पाठवू नये. आधी बागेत बदल करावा, पत्र पुढच्या हंगामात लिहावं. एकदा परत येऊन पुन्हा साका मिळालेलं गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येणार नाही.

पुष्कळ जण अशा पत्रात भौगोलिक मानांकनाचा उल्लेख करतात. कोकणातल्या हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे त्यात येतात. बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो तिथे नव्या गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग नक्की आहे. पण ज्याने तुमच्याकडूनच दोन वर्षं आंबे घेतले त्याला आंबा देवगडचा आहे याबद्दल शंका कधी नव्हतीच. त्याची शंका वेगळी आहे. मानांकनाची ओळ पत्राच्या शेवटी सहीखाली राहू द्यावी, कारण म्हणून पुढे करू नये.

पत्र

साक्याचा संशय असलेल्या गटासाठी, त्या पुण्याच्या काकूंसाठी, मी असं पत्र लिहीन:

> विषय: देवगडहून: साका निघाला तर पैसे परत
>
> नमस्कार काकू,
>
> देवगडच्या आमच्या बागेतून लिहितो आहे. २०२३ च्या मेमध्ये तुम्ही आमच्याकडून पाच डझनांची पेटी कोथरूडला मागवली होती. तेव्हा दिलेल्या पत्त्यावर हे पत्र पाठवतो आहे.
>
> त्या वर्षी हंगामाच्या शेवटी गेलेल्या आमच्या काही पेट्यांत साका जास्त निघाला. तुमच्या पेटीत निघाला होता का, हे मला माहीत नाही. निघाला असेल तर मनापासून माफी मागतो.
>
> त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. १५ मेनंतर आता घरपोच पेटी पाठवत नाही, तो आंबा कॅनिंगला देतो. आणि आंबा फक्त सकाळी, देठासकट उतरवून लगेच सावलीत नेतो. तरीही साका पूर्ण थांबत नाही, कारण बाहेरून तो दिसत नाही. म्हणून कापल्यावर एखादा निघालाच तर त्याचा फोटो पाठवा. तेवढ्या आंब्यांचे पैसे त्याच दिवशी परत करतो.
>
> यंदा एक डझनाची छोटी पेटीही केली आहे. तुम्हाला हवी असेल तर एक तुमच्या नावाने बाजूला ठेवतो. आत्ता पैसे पाठवू नका. या पत्राला ‘ठेवा’ एवढंच उत्तर द्या. पेटी निघायच्या दोन दिवस आधी भाव कळवीन, तेव्हा नको वाटली तर मोकळेपणाने सांगा. ३१ मार्चपर्यंत उत्तर आलं तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली पेटी देता येईल.
>
> यापुढे आमची पत्रं नको असतील तर ‘नको’ लिहा किंवा खालच्या ‘यादीतून काढा’ या दुव्यावर बोट ठेवा. पुन्हा पत्र येणार नाही.
>
> तुमचा,
> (पूर्ण नाव, गाव, फोन नंबर)

आता यातल्या काही जागांकडे पाहू.

विषयाची ओळ छोटी ठेवली आहे, कारण मोबाइलवर तिचे पहिले तीस-चाळीस अक्षरंच दिसतात. त्यात गाव आहे आणि बातमी आहे. ‘खास तुमच्यासाठी’, ‘शेवटची संधी’ असले शब्द नाहीत. विषय वाचून माणसाने जी अपेक्षा केली ती पत्रात पूर्ण झाली पाहिजे, नाहीतर दोन वर्षांनी आलेलं पहिलंच पत्र फसवणुकीचं ठरतं.

पहिल्या परिच्छेदात आपण कोण आणि हा पत्ता आपल्याकडे कसा, हे सांगून टाकलं आहे. दोन वर्षांत माणूस बागेचं नाव विसरलेला असतो. अनोळखी नावाचं पत्र दिसलं की लोक स्पॅमचं बटण दाबतात. महिना, पेटी, कोथरूड एवढे तीन तपशील ओळख पटायला पुरतात. याहून जास्त, म्हणजे इमारतीचं नाव, त्या वर्षी दिलेली रक्कम, असं काही लिहिलं की वाचणाऱ्याला आपल्यावर कोणी नजर ठेवून आहे असं वाटतं.

माफी ‘निघाला असेल तर’ अशी मागितली आहे. आपल्याला माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी लिहायची नाही. आणि ‘तुम्ही रुसलात का’, ‘आम्हाला विसरलात ना’ अशी लाडिक वाक्यं पूर्णपणे टाळली आहेत. या २०० जणांत एखाद्या घरी ज्यांना आंबा आवडायचा तेच आता नसतील. त्या घरात असं वाक्य वाचलं गेलं तर ते किती लागेल याचा विचार लिहिण्याआधी करायला हवा. साधी, सरळ भाषा अशा घरालाही दुखावत नाही.

‘तरीही साका पूर्ण थांबत नाही’ हे वाक्य धंद्याच्या दृष्टीने अडचणीचं वाटेल. माझ्या मते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. हापूस खाणाऱ्या माणसाला साक्याची शंभर टक्के हमी कोणी देऊ शकत नाही हे माहीत असतं. हमी देणाऱ्यावर त्याचा विश्वास बसत नाही. ‘निघाला तर काय करू’ हे सांगणाऱ्यावर बसतो.

छोट्या घरांच्या गटासाठी हेच पत्र अर्ध्यावर येतं. माफीचा आणि साक्याचा परिच्छेद जातो, एक डझनाची पेटी वर येते. विषयाची ओळ ‘देवगडहून: यंदा एक डझनाची पेटी’ अशी. तिसऱ्या, कारण न कळलेल्या गटाला एकच प्रश्न विचारायचा: ‘आमच्याकडून काही चुकलं होतं का, की फक्त योग आला नाही? एका ओळीत कळवलंत तरी आम्हाला उपयोग होईल.’ आणि खाली तीच छोटी पेटी ठेवण्याची तयारी. या प्रश्नाला आलेलं एखादं खरमरीत उत्तर पुष्कळदा ऑर्डरपेक्षा मोलाचं ठरतं, कारण त्याने पुढच्या हंगामाचं काम दाखवलेलं असतं.

सवलत का नको

जुन्या गिऱ्हाइकाला परत आणायचं म्हटलं की पहिला विचार सवलतीचा येतो. वीस टक्के कमी करू, येतील. या बागेच्या बाबतीत तो हिशेब करून पाहू. समजा एक डझनाच्या पेटीचा भाव ९०० रुपये आहे. वीस टक्के म्हणजे पेटीमागे १८० रुपये. २० जण परत आले तर ३,६०० रुपये गेले, आणि ते सगळ्यांना गेले. जो नुसत्या आठवणीने परत येणार होता त्यालाही.

आता साक्याच्या परताव्याचा हिशेब. बारातला एक आंबा ७५ रुपयांचा. प्रत्येक पेटीत सरासरी एक साक्याचा निघाला असं धरलं, आणि त्या प्रत्येकाने पैसे मागितले, तरी २० पेट्यांचे १,५०० रुपये होतात. हे पैसे ज्याचं खरंच नुकसान झालं त्यालाच जातात, आणि काकू ज्या भीतीने थांबल्या त्या भीतीवरच नेमकं बोट ठेवतात. सवलतीने भीती जात नाही. कमी भावात साक्याचा आंबा मिळाला तरी पाहुण्यांसमोरची पंचाईत तीच.

सवलतीचा आणखी एक त्रास आहे. कोथरूडच्या त्याच सोसायटीत तुमचं एक चालू गिऱ्हाईक राहतं, सहा वर्षं पूर्ण भावाने पेटी घेणारं. जे सोडून गेले त्यांना स्वस्त आणि जे टिकून राहिले त्यांना महाग, हे जिन्यात भेटल्यावर कळायला वेळ लागत नाही. परताव्याची हमी मात्र दोघांनाही सारखीच देता येते, आणि द्यावी.

म्हणून या पत्रातली देऊ केलेली गोष्ट हलकी ठेवली आहे: लहान पेटी, आधी पैसे नाहीत, एका शब्दात उत्तर, मागे फिरायची मोकळीक. जो माणूस दोन वर्षं दूर आहे त्याच्यासाठी पैशांपेक्षा पहिलं पाऊल जड असतं. ते लहान करून द्यायचं. यात बागेचाही धोका आहे, ‘ठेवा’ म्हणून ऐन वेळी काहीजण नको म्हणतील. पण एप्रिलच्या मध्यात एक डझनाची पेटी पडून राहत नाही, ती दुसऱ्याला जाते. मेच्या शेवटी हीच मोकळीक परवडली नसती.

पाठवताना

आपल्या घरच्या जीमेलवरून २०० जणांना एकत्र पत्र पाठवणं हा सगळ्यात वाईट मार्ग. घाईत सगळे पत्ते ‘प्रति’च्या रकान्यात गेले तर प्रत्येकाला इतर १९९ जणांचे पत्ते दिसतात, आणि तो प्रकार निस्तरता येत नाही. पत्र एकेकाला स्वतंत्र जायला हवं. त्यासाठी बागेच्या नावाचं स्वतःचं डोमेन आणि पत्रं पाठवणारी एखादी सेवा घ्यावी. डोमेन लावून देणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क लावले आहेत का? या तीन नोंदींमुळे हे पत्र खरंच याच बागेकडून आलं आहे, वाटेत कोणी बदललेलं नाही, हे समोरच्या यंत्रणेला पडताळता येतं. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून या बाबतीत नियम कडक केले. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रं पाठवणाऱ्यांवर जास्त बंधनं आहेत, पण लहान माणसानेही ती पाळलेली बरी.

त्याच नियमांत स्पॅमच्या तक्रारींचा आकडा आहे. तो ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीच जाऊ देऊ नका, असं गूगल सांगतं. म्हणजे हजार पत्रांमागे तीन तक्रारी झाल्या की धोका. आपली पत्रं २०० आहेत, तेव्हा एका माणसाने स्पॅमचं बटण दाबलं तरी प्रमाण अर्धा टक्का होतं. म्हणून ‘यादीतून काढा’ हा दुवा ठळक आणि एका स्पर्शात काम करणारा हवा. तो सापडला नाही की माणूस हाताशी असलेलं स्पॅमचं बटण दाबतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचंही तत्त्व हेच आहे, संमती देणं जितकं सोपं होतं तितकंच ती मागे घेणं सोपं असावं.

दिवसाला तीस-चाळीस पत्रं पाठवावीत. पहिल्या दिवशी सर्वांत अलीकडे थांबलेल्यांना, म्हणजे पत्ते जिवंत असण्याची शक्यता जास्त. परत आलेली पत्रं संध्याकाळी पाहावीत आणि ते पत्ते लगेच काढावेत. बरीच परत येत असतील तर तिथेच थांबून यादी पुन्हा तपासावी. आणि उत्तर द्यायला माणूस हवा. ‘ठेवा’ असं उत्तर दिल्यावर तीन दिवस गप्प बसणारी बाग काकूंना पुन्हा गमावते.

वेळ मार्चच्या पहिल्या पंधरवड्याची. तोपर्यंत मोहोराचं चित्र स्पष्ट झालेलं असतं, पहिली फळं दिसत असतात, आणि किती पेट्या देता येतील याचा अंदाज बागायतदाराला आलेला असतो. उत्तर न दिलेल्यांना एक, फक्त एक, स्मरणपत्र अक्षय्य तृतीयेच्या आठ-दहा दिवस आधी. पुष्कळ घरांत आंबा खायला त्याच दिवसापासून सुरुवात होते, तेव्हा विषय त्यांच्या मनात असतोच.

उपयोग झाला का, हे कसं कळणार

किती जणांनी पत्र उघडलं हा आकडा पाठवणारी सेवा दाखवते. त्यावर विसंबू नये. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय आणली की पत्रातली चित्रं माणसाने पत्र पाहण्याआधीच मागच्या मागे उतरवली जातात. उघडल्याची खूण त्या चित्रांतूनच मिळत असल्याने न वाचलेलं पत्रही वाचलेलं दिसतं. उत्तरं मोजा, ऑर्डरी मोजा.

पण ऑर्डरी मोजतानाही एक फसगत असते. गप्प असलेल्यांपैकी काहीजण पत्र न पाठवताही या वर्षी परत येणारच असतात. मार्च उजाडला, मंडईत आंबा दिसला, तुमची आठवण झाली. त्यांचं श्रेय पत्राला देणं चुकीचं. यावर उपाय साधा आहे. २०० नावांतली ५० नावं डोळे मिटून बाजूला काढा आणि त्यांना हे पत्र पाठवूच नका. हंगाम संपल्यावर दोन्हींची तुलना करा. समजा पत्र मिळालेल्या १५० पैकी १८ जणांनी पेटी घेतली, म्हणजे १२ टक्के. आणि पत्र न मिळालेल्या ५० पैकी दोघांनी आपणहून घेतली, म्हणजे ४ टक्के. तर १५० पैकी सहा जण तसेही आले असते, पत्राने आणलेले बारा. ५० हा आकडा लहान आहे, दोनाऐवजी चार जण आले असते तरी चित्र बरंच बदललं असतं, म्हणून एका हंगामावरून ठाम निष्कर्ष काढू नये. दोन-तीन हंगाम असंच केलं की अंदाज पक्का होतो. बाजूला ठेवलेल्या ५० जणांवर अन्याय होतो असं वाटत असेल, तर पुढच्या वर्षी पत्र त्यांना पाठवावं.

परत आलेल्यांची खरी परीक्षा पुढच्या मार्चमध्ये असते. बारा जणांपैकी आठ जणांनी पुढच्या वर्षी न बोलावता पेटी मागितली तर बागेतला बदल खरा होता. दोघांनीच मागितली तर पत्र चांगलं होतं आणि आंबा नव्हता.

स्मरणपत्रानंतरही ज्यांच्याकडून काहीच आलं नाही त्यांची नावं पत्रांच्या यादीतून काढावीत. हिशेबाच्या वहीतलं बिल राहू द्यावं, पण पत्र बंद. ज्यांनी ‘नको’ लिहिलं त्यांना ‘काढलं आहे, कळवल्याबद्दल आभार’ एवढं एका ओळीचं उत्तर द्यावं. आणि काहीजण तिसरंच काही लिहितील, ‘यंदा नको, डिसेंबरमध्ये मुलगा अमेरिकेतून येतोय, पुढच्या वर्षी बघू’ असं. त्यांच्या नावापुढे हे तारखेसह लिहून ठेवावं, आणि पुढच्या मार्चच्या पत्राची पहिली ओळ तिथूनच घ्यावी.